लहान कारखान्याचा एक विभाग बंद होताना : कामगार कपातीची भरपाई पदरात पाडून घेण्याची पायरीपायरीने माहिती

मी एका लहान कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये हजेरी आणि पगारपत्रक सांभाळत होतो. अडतीस कामगारांच्या त्या कारखान्यात मशीन शॉप आणि प्लेटिंग असे दोन विभाग होते. २०२४ च्या जुलै महिन्यात मालकांनी प्लेटिंग विभाग बंद केला आणि बारा जणांना घरी पाठवण्याची नोटीस लावली. त्या बारा जणांच्या यादीत माझेही नाव होते. कामगारांच्या हिशेबाचे कागद माझ्याच टेबलावरून जात असल्यामुळे चूक कुठे होते आणि ती दुरुस्त कशी करून घ्यायची, हे दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाले. पहिल्यांदाच या प्रसंगाला तोंड देणाऱ्या कामगाराला तेच येथे क्रमाने सांगतो.

आमचे प्रकरण औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ या कायद्याखाली चालले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे. भरपाईचा मूळ सांगाडा दोन्हींत सारखाच आहे. जिथे फरक पडतो, तिथे तो त्या त्या पायरीत सांगितला आहे.

पायरी १ : आपल्याला ही भरपाई लागू आहे का, ते ठरवा

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. "आपल्याकडे पन्नासपेक्षा कमी माणसे आहेत, आपल्याला हा कायदा लागत नाही," असे आमच्या अकाउंटंटने पहिल्याच दिवशी सांगितले होते. पन्नासची अट ले-ऑफच्या, म्हणजे तात्पुरत्या काम-बंदीच्या भरपाईला आणि विभाग बंद करण्यापूर्वी सरकारला द्यायच्या साठ दिवसांच्या नोटिशीला आहे. कपातीच्या भरपाईला तशी अट नाही. अडतीस काय, आठ कामगार असले तरी ती द्यावी लागते. उलट टोकाला, मोठ्या कारखान्यांना कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या केंद्रीय कायद्यात त्यासाठीची मर्यादा शंभर कामगारांची होती आणि संहितेत ती तीनशेची आहे. लहान कारखान्याचा त्या परवानगीशी संबंध येत नाही.

कामगाराच्या बाजूने अट एकच आहे, ती म्हणजे किमान एक वर्षाची सलग सेवा. कपातीच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले असेल तर सेवा सलग धरली जाते. हे दिवस मोजताना केवळ मशीनवर उभे राहिलेले दिवस मोजू नयेत. पगारी साप्ताहिक सुट्टी, पगारी रजा, ले-ऑफचे दिवस आणि कामावरील अपघातामुळे घरी बसावे लागलेले दिवस हेही त्यात धरले जातात. आमच्या एका हेल्परचे मस्टरवरील हजर दिवस २०९ दिसत होते, म्हणून त्याला वगळले होते. पगारी रविवार मिळवल्यावर तो आकडा अडीचशेच्या पुढे गेला.

पायरी २ : ही "बंदी" आहे की "कपात", हे नीट पाहा

ही पायरी कोणी फारशी सांगत नाही, पण विभाग बंद होतो तेव्हा बाकी सारे हिच्यावर अवलंबून असते.

मालक म्हणतात, "युनिट बंद केले." कायद्याच्या दृष्टीने त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. बंद झालेला विभाग हा स्वतंत्र उपक्रम असेल, तर ती त्या उपक्रमाची बंदी ठरते आणि जुन्या कायद्याचे कलम २५-एफएफएफ लागू होते. तो एकाच कारखान्याचा अविभाज्य भाग असेल, तर कारखाना चालूच आहे आणि फक्त माणसे कमी केली जात आहेत, असे धरून कलम २५-एफ आणि २५-जी लागू होतात. संहितेत हीच कलमे अनुक्रमे ७५, ७० आणि ७१ या क्रमांकांनी आली आहेत.

भरपाईची रक्कम दोन्हीकडे साधारणपणे एकाच सूत्राने निघते, म्हणून हा फरक पुस्तकी वाटतो. पण त्याचे दोन मोठे परिणाम आहेत. पहिला परिणाम असा की, कपातीत नोटीस आणि भरपाई ही पूर्वअट असते. पैसे कामावरून कमी करतानाच द्यावे लागतात आणि ते दिले नाहीत तर कपातच बेकायदेशीर ठरू शकते. बंदीच्या बाबतीत भरपाई देणे मालकावर बंधनकारक असते, पण ती आधी दिली नाही एवढ्याच कारणाने बंदी रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली हातीसिंग मॅन्युफॅक्चरिंगच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. दुसरा परिणाम कोणाची नोकरी जाणार, याबद्दलचा आहे. बंदीत त्या युनिटचे सारे कामगार जातात. कपातीत मात्र "शेवटी आलेला आधी जाईल" हा नियम लागतो आणि तो संपूर्ण कारखान्यातील त्या त्या वर्गवारीला लागतो.

मग स्वतंत्र कोणते आणि अविभाज्य कोणते? न्यायालये याचे उत्तर एका कसोटीवर न देता अनेक गोष्टी एकत्र पाहून देतात. मालकी आणि पैसा एकच आहे का, भरती आणि बदल्या सामाईक आहेत का, परवाना, पी.एफ. कोड आणि मस्टर एकच आहे का, आणि मुख्य म्हणजे एक विभाग थांबला तर दुसरा चालू शकतो का, हे पाहिले जाते. केवळ मालक एक आहे म्हणून दोन युनिटे एक ठरत नाहीत. मुंबईच्या ईशा स्टील ट्रीटमेंटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली एकाच मालकाच्या, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोन युनिटांना स्वतंत्र मानले आणि एकाची बंदी वैध ठरवली.

आमचे प्लेटिंग शेजारच्या प्लॉटवर होते, त्यामुळे मालकांनी ते स्वतंत्र युनिट असल्याचे नोटिशीत लिहिले. परंतु तिथे बाहेरचे काम येत नव्हते. मशीन शॉपमध्ये तयार झालेल्या सुट्या भागांवरच प्लेटिंग होत असे. मस्टर एक, परवाना एक, आणि हेल्परांची अदलाबदल तर दर आठवड्याला होत असे. मागील वर्षभराच्या मस्टरवरून त्या अदलाबदलीची एक साधी यादी आम्ही काढली, आणि पुढे समेट अधिकाऱ्यांसमोर सर्वांत वजन पडले ते त्या एका पानाचे.

पायरी ३ : कागदपत्रे गोळा करा, आणि ती गेटपास असेपर्यंतच

गेटवरील प्रवेश बंद झाल्यावर एकेका कागदासाठी अर्ज करत बसावे लागते. म्हणून नोटीस लागल्याच्या दिवसापासूनच पुढील गोष्टींच्या प्रती किंवा मोबाइलवर स्पष्ट फोटो घेऊन ठेवावेत :

- नेमणूकपत्र, ते नसेल तर ई.एस.आय.चे कार्ड आणि पी.एफ. पासबुक, कारण त्यावरून रुजू झाल्याची तारीख सिद्ध करता येते
- मागील किमान बारा महिन्यांच्या पगारस्लिपा आणि पगार जमा झालेल्या बँक खात्याचा उतारा
- कपातीची नोटीस किंवा पत्र, आणि ते कोणत्या तारखेला हातात पडले याची नोंद
- सूचनाफलकावर लावलेली सेवाज्येष्ठता यादी
- शिल्लक रजेची नोंद
- दुसऱ्या विभागात काम केल्याचा कोणताही पुरावा, जसे जॉब कार्ड किंवा शिफ्टचा तक्ता

पी.एफ. पासबुकाबाबत एक सावधगिरी बाळगावी. पुष्कळ लहान कारखान्यांत माणूस आधी ठेकेदाराकडे दोन-तीन वर्षे काढतो आणि मग कंपनीच्या मस्टरवर येतो. पी.एफ. वर कंपनीची जी तारीख दिसते तिथूनच हिशेब धरला जातो. ठेकेदाराकडील वर्षे धरायला लावणे हा वेगळा आणि लांबचा वाद आहे; तो भरपाईच्या हिशेबात मिसळला तर हातात येणारी रक्कमही अडकते.

पायरी ४ : सेवाज्येष्ठता यादी तपासा

कपात करण्यापूर्वी, ज्या वर्गवारीतून माणसे कमी करायची आहेत त्या वर्गवारीची ज्येष्ठता यादी सूचनाफलकावर लावावी लागते. आमच्या कारखान्यात यादी लागली ती फक्त प्लेटिंगच्या बारा जणांची. प्लेटर ही वर्गवारी मशीन शॉपमध्ये नव्हतीच, त्यामुळे प्लेटरांच्या बाबतीत त्या यादीत काही चुकीचे नव्हते. हेल्पर मात्र दोन्हीकडे होते. प्लेटिंगमधील दोन हेल्पर २०१६ पासूनचे होते आणि मशीन शॉपमध्ये २०२१ नंतर आलेले तीन हेल्पर कामावर राहणार होते. विभाग एकाच कारखान्याचा भाग ठरला, तर जायला हवे होते ते नंतर आलेले हेल्पर.

मालकाला हा क्रम मोडता येत नाही असे नाही. ज्येष्ठ माणसाला कमी करून कनिष्ठाला ठेवण्यामागचे कारण त्याने लेखी नोंदवायला हवे आणि ते पटण्याजोगे असायला हवे. अमुक माणसाकडे विशिष्ट मशीनचे कौशल्य आहे, हे कारण टिकू शकते. हेल्परच्या बाबतीत ते टिकवणे कठीण असते.

पायरी ५ : रक्कम स्वतः काढा

सूत्र असे आहे : पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटचे अपूर्ण वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तेही पूर्ण धरायचे. याशिवाय एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार.

आमच्यातील एका प्लेटरचे उदाहरण घेतो. तो २० जानेवारी २०१४ रोजी रुजू झाला. नोटीस १ जुलै २०२४ रोजी मिळाली, उरलेल्या ऑर्डरी पूर्ण करण्यासाठी विभाग महिनाभर चालला आणि ३१ जुलैला तो कमी झाला. कंपनीच्या पहिल्या हिशेबात त्याची भरपाई ४५,००० रुपये दाखवली होती. मूळ पगार ९,०००, त्याचा निम्मा ४,५००, गुणिले दहा वर्षे, असे ते गणित होते. त्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक वर्षांची. सेवा ३० जूनपर्यंत धरली होती, त्यामुळे ती दहा वर्षे पाच महिने भरत होती आणि वरचे महिने सोडून दिले होते. नोटिशीचा महिना माणूस प्रत्यक्ष कामावर असेल तर सेवा त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालते. ३१ जुलैला दहा वर्षे, सहा महिने आणि काही दिवस झाले, म्हणजे अकरा वर्षे धरायला हवीत. मालकाने ३० जूनलाच नोटीस-पगार देऊन कमी केले असते तर दहाच वर्षे धरली गेली असती. म्हणून सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रत्येकाने आपली तारीख बोटांवर मोजून पाहावी.

दुसरी चूक पगाराची. जुन्या कायद्यातील पगाराच्या व्याख्येत मूळ पगारासोबत महागाई भत्ता आणि कामगाराला लागू असलेले इतर भत्तेही येतात. बोनस, मालकाचा पी.एफ. वाटा आणि ग्रॅच्युइटी येत नाहीत. महिना-पगारी कामगारासाठी त्याआधीच्या तीन पूर्ण कॅलेंडर महिन्यांची सरासरी घ्यायची असते. त्या प्लेटरचे एप्रिलचे १५,६०० आणि वाढ झाल्यानंतरचे मे व जूनचे प्रत्येकी १६,५०० रुपये होते. बेरीज ४८,६००, सरासरी १६,२००. पंधरा दिवसांचे ८,१००, गुणिले अकरा, म्हणजे ८९,१०० रुपये. पहिल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

येथे आमच्या बाजूनेही एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. आम्ही पगाराला २६ ने भागून पंधराने गुणले होते, कारण ग्रॅच्युइटीत तसे करतात. कपातीच्या भरपाईत महिन्याला ३० दिवस धरायचे असतात, म्हणजे पंधरा दिवसांचा पगार हा महिन्याच्या पगाराचा निम्मा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गुरु जंभेश्वर विद्यापीठाच्या प्रकरणात तसा निर्णय दिला आहे. चुकीचा भागाकार घेऊन चर्चेला गेल्यामुळे आमचे बाकीचे बरोबर मुद्देही थोडा वेळ हलके पडले.

नव्या संहितेखाली सूत्र तेच असले तरी पगाराची व्याख्या बदलली आहे. घरभाडे आणि वाहतूक भत्ता आता पगारात धरले जात नाहीत. मात्र अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरचा भाग पुन्हा पगारात मिळवला जातो. शिवाय पुनःकौशल्य निधीतून शेवटच्या पगाराच्या दराने पंधरा दिवसांची रक्कम कपातीपासून ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. त्या प्लेटरचे मूळ आणि महागाई मिळून तिन्ही महिने १४,००० धरले, तर नव्या हिशेबाने भरपाई ७७,००० आणि निधीचे ७,००० होतील. म्हणून जुना हिशेब कोणाकडून उतरवून घेण्याआधी आपली कपात कोणत्या तारखेची आहे, हे पाहावे.

पायरी ६ : भरपाईत इतर देणी मिसळू देऊ नका

कंपनीच्या कागदावर "एकूण सर्व देणी" असा एकच आकडा असेल तर तो फोडून मागावा. कपातीची भरपाई ही ग्रॅच्युइटीच्या बदल्यात नसते. दोन्ही स्वतंत्रपणे देय असतात. वरील प्लेटरची ग्रॅच्युइटी शेवटचा मूळ पगार अधिक महागाई, म्हणजे १४,००० रुपयांवर, पंधराने गुणून २६ ने भागून, अकरा वर्षांची ८८,८४६ रुपये झाली. शिल्लक भरपगारी रजेचे पैसे आणि चालू महिन्याचा पगारही वेगळा. आमच्या पहिल्या कागदावर ग्रॅच्युइटीची ओळच नव्हती, आणि "भरपाई दिली की ग्रॅच्युइटी कशाला?" हा प्रश्न अगदी प्रामाणिकपणे विचारला गेला होता.

ई.एस.आय.मध्ये असलेल्यांनी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी आपल्या शाखा कार्यालयात अवश्य करावी. कपातीमुळे किंवा कारखाना बंद झाल्यामुळे नोकरी गेली आणि अंशदानाची अट पूर्ण होत असेल, तर चोवीस महिन्यांपर्यंत बेरोजगारी भत्ता मिळू शकतो. पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. त्यासाठी नोकरी जाण्याचे कारण कागदावर "कपात" असेच असावे लागते, आणि पुढच्या पायरीचे महत्त्व इथूनच सुरू होते.

पायरी ७ : सही करण्यापूर्वी थांबा

आमच्या बारांपैकी चौघांकडून पहिल्याच दिवशी एका छापील कागदावर सही घेतली गेली. त्यावर "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे" असे लिहिले होते. स्वेच्छेने नोकरी सोडणे ही कायद्याने कपात नाही, त्यामुळे त्या एका ओळीने भरपाई, पुन्हा कामावर घेण्याचा प्राधान्यहक्क आणि बेरोजगारी भत्ता ही तिन्ही दारे बंद होऊ शकतात. त्या चौघांनी दोन दिवसांत रजिस्टर पोस्टाने सही मागे घेत असल्याचे आणि ती कोणत्या परिस्थितीत झाली याचे पत्र पाठवले, म्हणून त्यांचे निभावले. महिनाभराने पाठवले असते तर ते पटवणे अवघड गेले असते.

रक्कम कमी वाटत असेल तरी धनादेश नाकारायलाच हवा असे नाही. पावतीवर "हिशेब मान्य नाही, हक्क राखून रक्कम स्वीकारली" असे स्वतःच्या हाताने लिहून सही करावी आणि त्या पावतीचा फोटो घ्यावा. कंपनी तसे लिहू देत नसेल तर रक्कम खात्यात आल्याच्या दिवशीच तोच मजकूर पत्राने आणि ई-मेलने कळवावा.

पायरी ८ : लेखी हरकत, मग कामगार कार्यालय

प्रथम कंपनीला एक पानाचे पत्र द्यावे. त्यात रुजू तारीख, कपातीची तारीख, तीन महिन्यांचा पगार, आपण काढलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम एवढेच असावे. आमच्या पहिल्या मसुद्यात दहा वर्षांच्या तक्रारी होत्या. त्या काढून टाकल्यावर पत्राला तीन दिवसांत उत्तर आले.

उत्तर समाधानकारक नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. कपातीला आव्हान देणाऱ्या कामगाराला अर्जापासून ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट न्यायालयात जाता येते. जुन्या कायद्यात त्यासाठी कपातीच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत होती. संहितेत ती दोन वर्षांची आहे. कपात मान्य आहे आणि फक्त रक्कम कमी मिळाली आहे, असे असेल तर थकीत रकमेच्या वसुलीचा वेगळा अर्ज करता येतो. आपली मागणी यांपैकी कोणती, हे अर्जाच्या पहिल्याच वाक्यात यायला हवे.

सरकारला कपातीची नोटीस पाठवली नाही, या एकाच मुद्द्यावर प्रकरण उभे करू नये. ती नोटीस पाठवणे मालकाचे कर्तव्य आहे, पण ती भरपाईसारखी पूर्वअट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच सांगितले आहे. भरपाई वेळेवर न देणे हा खरा बळकट मुद्दा असतो. तो सिद्ध झाला तरी पुन्हा कामावर घेण्याचाच आदेश मिळेल असे गृहीत धरू नये. पुष्कळदा न्यायालये त्याऐवजी एकरकमी रक्कम देववतात.

आमचा समेट तिसऱ्या तारखेला झाला. सुधारित सूत्राने सर्वांची भरपाई निघाली, ग्रॅच्युइटी वेगळी दिली गेली आणि २०१६ पासूनच्या दोन्ही हेल्परांना मशीन शॉपमध्ये घेतले गेले. त्यांच्या जागी नंतर आलेल्यांपैकी दोघांना कमी करावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

पायरी ९ : कंपनीकडे आपला चालू पत्ता ठेवा

कपातीनंतर कारखान्याने पुन्हा भरती केली तर कमी केलेल्या कामगारांना आधी संधी द्यावी लागते. जुन्या कायद्यात या हक्काला ठरावीक मुदत नव्हती. संहितेत तो कपातीपासून एक वर्षाच्या आत होणाऱ्या भरतीपुरता आहे. बोलावण्याचे पत्र कंपनीच्या नोंदीतील पत्त्यावर जाते आणि काम सुटल्यावर भाड्याची खोली सोडून गावी जाणाऱ्यांचे पत्र परत येते. म्हणून हिशेब घेतानाच गावाचा पत्ता आणि चालू मोबाइल क्रमांक लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. आमच्या कारखान्यात मार्च २०२५ मध्ये दोन ऑपरेटर हवे होते. पत्ता दिलेल्या पाचांना पत्रे पोहोचली आणि त्यांतील एक जण आज तिथे कामावर आहे.